‘चोर तो चोर, वर शिरजोर’ हे व्याकरणात घ्यायचं की यादीत?

शाळेतल्या मराठी व्याकरणाचं पुस्तक उघडलं की एका भागात संधी, समास, प्रयोग, विभक्ती हे सगळं नियमांच्या रूपात असतं, आणि पार मागे कुठेतरी वाक्प्रचार आणि म्हणींची यादी असते, अर्थ लिहा आणि वाक्यात उपयोग करा. ही मांडणी इतकी सवयीची झालीय की तिच्यामागे भाषेबद्दलचं एक ठाम मत आहे हे लक्षातच येत नाही. मत असं, की भाषा म्हणजे नियम अधिक शब्दसंग्रह, नियमाने जे बनतं ते व्याकरण आणि जे बनत नाही ते पाठ करायचं. माझं म्हणणं आहे की ही विभागणी चुकीची आहे आणि ती मराठीच्याच साध्या वाक्यांवर तपासून बघता येते. आणि हेही सांगायचंय की या विभागणीला ज्यांनी सगळ्यात जोरदार विरोध केला त्या कन्स्ट्रक्शन ग्रामरवाल्यांचंही, म्हणजे भाषा हा अर्थासकट साठवलेल्या लहानमोठ्या साच्यांचा साठा आहे असं मानणाऱ्यांचंही, सगळंच मला पटत नाही.

आधी वाद काय आहे ते. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी 1957 पासून जी परंपरा सुरू केली तिचा गाभा असा की थोड्या, अगदी सर्वसाधारण नियमांमधून अगणित वाक्यं तयार होतात. 1981 पर्यंत ही परंपरा अशा टोकाला आली की कर्मणी रचना, प्रश्नवाक्य, संबंधी वाक्य ही नावं सुद्धा फक्त सोयीची लेबलं ठरली, खरं काम करणारी तत्त्वं त्यांच्या खाली, आणि रचना म्हणून वेगळं काही नाहीच. मग वाक्प्रचारांचं काय करायचं? त्यांना शब्दकोशात टाका, एका मोठ्या शब्दासारखे. 1963 च्या सुमाराला जेरोल्ड कॅट्झ आणि पॉल पोस्टल यांनी साधारण हाच मार्ग सुचवला होता. पण 1968 मध्ये वॉलेस चेफ यांनी स्पष्टच म्हटलं की वाक्प्रचार या चौकटीत बसत नाहीत, आणि 1970 मध्ये ब्रूस फ्रेझर यांनी दाखवलं की वाक्प्रचार सगळे सारखे गोठलेले नसतात, काही अजिबात हलत नाहीत, काही थोडे हलतात, काही बरेच हलतात, आणि त्यांनी त्याची चक्क पायऱ्यांची उतरंड लावली. म्हणजे ‘एक मोठा शब्द’ ही कल्पना तिथेच डळमळीत झाली होती, कारण शब्दाच्या आत वाक्यरचनेचे नियम शिरत नाहीत आणि वाक्प्रचाराच्या आत मात्र शिरतात, पण कुठे शिरतात आणि कुठे नाही हे ठरवणारं कोणीतरी हवं.

आता मराठीतलं उदाहरण घेऊ, पाण्याचं. मराठीत क्रियापदांच्या जोड्या असतात, सुटणे आणि सोडणे, तुटणे आणि तोडणे, फिरणे आणि फिरवणे, वाजणे आणि वाजवणे. एकात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्यात कोणीतरी ती करतं. गाठ सुटली, गाठ सोडली. पंखा फिरला, पंखा फिरवला. हा नियम भाषेत सगळीकडे पसरलेला आहे आणि कोणालाही तो शिकवावा लागत नाही. आता बघा, ‘पावसाने सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलं’ आणि ‘सगळ्या मेहनतीवर पाणी फिरलं’, दोन्ही चालतात, वाक्प्रचाराचा अर्थ दोन्हीकडे टिकतो. ‘कामाचे बारा वाजले’ आणि ‘त्याने कामाचे बारा वाजवले’ हेही तसंच. म्हणजे नियम वाक्प्रचाराच्या आत शिरला आणि काही बिघडलं नाही.

पण ‘तिने वाड्यातल्या हिश्श्यावर पाणी सोडलं’ हे घ्या. इथे सोडणेचं सुटणे करून बघा. ‘हिश्श्यावर पाणी सुटलं’ असं कोणी म्हणत नाही, म्हटलं तर डोळ्यासमोर नळ येतो. आणि उलट बाजूने, ‘जिलबी बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं’ हे रोजचं वाक्य, पण ‘जिलबीने माझ्या तोंडाला पाणी सोडलं’ हे कोणी म्हणत नाही. नाम तेच, क्रियापदाची जोडी तीच, आणि एका वाक्प्रचाराला जोडीतलं फक्त सोडणे चालतं तर दुसऱ्याला फक्त सुटणे. नियम म्हणून बघितलं तर दोन्हीकडे दोन्ही यायला हवं होतं. पूर्ण गोठलेली यादी म्हणून बघितलं तर पाणी फिरणे आणि फिरवणे अशी अदलाबदलही व्हायला नको होती. दोन्ही टोकं हुकतात.

याच्या पुढे गेलं की आणखी बारीक गोष्ट दिसते आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘पाणी सोडणे’ला ‘सुटलं’ चालत नाही, पण कर्मणी चालतो, ‘कुटुंबासाठी त्या हक्कांवर पाणी सोडलं गेलं’ हे वाक्य जरा वर्तमानपत्री आहे पण चूक नाही. फरक काय, तर ‘सोडलं गेलं’ म्हटलं तरी सोडणारा कोणीतरी आहे हे मनात राहतं, फक्त त्याचं नाव घेतलेलं नसतं, ‘सुटलं’ म्हटलं की तो माणूस पूर्णच गायब होतो. आणि या वाक्प्रचाराचा अर्थच असा आहे की कोणीतरी जाणूनबुजून हक्क सोडतंय, दान देताना उदक सोडतात ना, त्यातून आलेला. सोडणाराच नसेल तर हक्क सोडण्याला अर्थ उरत नाही. तोंडाला पाणी सुटणं मात्र शरीरात आपोआप होतं, तिथे करणारा आणला तर वाक्य मोडतं. आणि पाणी फिरणे हे परिणामाबद्दल आहे, मेहनत वाया गेली, मग ती पावसाने घालवली की कोणा माणसाने की नुसतीच गेली याने अर्थाला फरक पडत नाही, म्हणून दोन्ही रूपं. म्हणजे वाक्प्रचार किती हलेल ते त्याच्या अर्थावर ठरतंय. जेफ्री ननबर्ग, आयव्हन सॅग आणि थॉमस वॅसो यांनी 1994 मध्ये इंग्रजीबद्दल साधारण याच दिशेचं म्हणणं मांडलं होतं, की बरेचसे वाक्प्रचार आतून अर्थाचे तुकडे असलेले असतात, आणि ते तुकडे कसे आहेत त्यावर त्यांची हालचाल अवलंबून असते.

नियमवाल्यांची बाजू इथे कमजोर करून मांडणं बरोबर नाही, कारण त्यांच्याकडे उत्तर आहे. आजकालचे नियमवादी म्हणतील की कर्ता आणणारा एक अदृश्य घटक रचनेत असतो, कर्मणीत तो शिल्लक राहतो आणि सुटणे प्रकारात तो नसतोच, तेव्हा ‘पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार त्या घटकासकट साठवलाय असं म्हणा, झालं. हे वर्णन बरोबर आहे, मला मान्य आहे. पण असं म्हणताना काय कबूल केलं ते बघा. शब्दापेक्षा मोठा, आतून रचना असलेला, एक जागा मोकळी असलेला (कशावर पाणी सोडलं ती जागा), आणि स्वतःचा वेगळा अर्थ असलेला एक तुकडा डोक्यात साठवलेला आहे हे कबूल केलं. कन्स्ट्रक्शन ग्रामर ज्याला कन्स्ट्रक्शन म्हणतं तो हाच. नाव वेगळं ठेवल्याने वस्तू बदलत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. अ‍ॅलेक मॅरांट्झ यांनी 1984 मध्ये दाखवलं की कर्म आणि क्रियापद मिळून वाक्प्रचार होणं सर्रास सापडतं पण कर्ता आणि क्रियापद गोठलेले आणि कर्म मात्र मोकळं असं जवळजवळ सापडत नाही. मराठीत शोधून बघा, डोळे वटारणे, कान टोचणे, हात झटकणे, पाठ थोपटणे, सगळीकडे कर्म पक्कं आणि कर्ता मोकळा. ‘माशी शिंकली’मध्ये कर्ता पक्का आहे पण तिथे कर्मच नाही त्यामुळे ते या विधानाच्या विरोधात जात नाही. मॅरांट्झ यांचं म्हणणं की याचं कारण रचनेतच आहे, क्रियापद आधी कर्माशी जोडलं जातं, कर्ता नंतर येतो. हे सुंदर स्पष्टीकरण आहे, आणि नुसता ‘प्रत्येक साचा वेगळा शिकला जातो’ असं म्हणणाऱ्याला याचं उत्तर द्यावंच लागेल, कारण साचे जर कसेही असू शकतात तर या एकाच प्रकारचे का नाहीत? ननबर्ग आणि मंडळींनी दिलेलं उत्तर असं की वाक्प्रचारात मूर्त, निर्जीव गोष्टी वापरून अमूर्त गोष्टींबद्दल बोललं जातं, आणि माणसं ही सहसा ज्यांच्याबद्दल बोलायचंय ती असतात, म्हणून माणसाची जागा मोकळी राहते आणि कर्ता बहुतेक माणूसच असतो. मला हे उत्तर जास्त पटतं, कारण ‘पाठ थोपटणे’मध्ये कर्त्याबरोबर ज्याची पाठ थोपटली त्या माणसाची जागाही मोकळीच आहे आणि ती तर कर्माच्याही आत आहे. फक्त रचनेवरून बघितलं तर ती जागा कर्मापेक्षा आत म्हणजे जास्त पक्की व्हायला हवी होती.

पण हे सगळं झालं पक्क्या शब्दांच्या वाक्प्रचारांबद्दल. खरा प्रश्न अर्धवट भरलेल्या साच्यांचा आहे, जिथे एकदोन शब्द पक्के आणि बाकी जागा मोकळ्या. 1988 मध्ये चार्ल्स फिलमोर, पॉल के आणि मेरी कॅथरिन ओ'कॉनर यांनी इंग्रजीतल्या ‘लेट अलोन’ या एका रचनेवर मोठा लेख लिहिला आणि कन्स्ट्रक्शन ग्रामरची सुरुवात बऱ्याच अंशी तिथून धरतात. आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे ‘पुरणपोळी तर सोडाच, त्याला साधा भातही येत नाही’. त्यांचा दावा असा की एवढ्या छोट्या रचनेचे स्वतःचे वाक्यरचनेचे नियम आहेत, स्वतःचा अर्थ आहे, आणि ती कुठल्या प्रसंगी वापरायची याचीही अट आहे, आणि हे सगळं सर्वसाधारण नियमांमधून निघत नाही. मी मराठीतली अशीच एक रचना घेतो जी म्हणीतून आलीय.

‘चोर तो चोर, वर शिरजोर’ ही म्हण सगळ्यांना माहीत आहे आणि शाळेच्या यादीतही असते. पण बोलताना आपण म्हण सोडून तिचा नुसता सांगाडा वापरतो. ‘आळशी तो आळशी, वर उद्धट.’ ‘चूक ती चूक, वर अरेरावी.’ ‘आला तो आला, वर चार मित्र घेऊन आला.’ ‘पैसे बुडवले ते बुडवले, वर दमदाटी करतोय.’ ‘लेट तो लेट, वर अ‍ॅटिट्यूड.’ शेवटचं वाक्य म्हण म्हणून कोणी पाठ केलेलं नाही, इंग्रजीतून आलेले शब्द त्यात सहज बसले म्हणजेच साचा जिवंत आहे आणि नवीन माल घेतोय. साचा असा, काहीतरी, मग तो किंवा ती किंवा ते, मग पुन्हा तेच, मग वर, आणि मग दुसरं काहीतरी. पक्कं म्हणावं असं फक्त ‘वर’, आणि तेही ‘वरून’ किंवा ‘आणि वर’ होऊ शकतं. ‘शिवाय’ घातलं तर वाक्य मोडत नाही पण त्याची धार जाते.

पहिल्या जागेत काय काय येतं ते बघण्यासारखं आहे. नाम येतं, विशेषण येतं, आणि आख्खं क्रियापद येतं, काळासकट. सर्वसाधारण नियम सहसा असं म्हणत नाहीत, नामाची जागा नामाची आणि क्रियापदाची क्रियापदाची. इथे साचा म्हणतो की मला शब्दाची जात काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, ऐकणाऱ्याला आधीच माहीत असलेली एक गोष्ट द्या.

आता मधला तो, ती, ते. ‘ती आली ती आली’, ‘चूक केली ती केली’, ‘पुस्तकं नेली ती नेली, वर फाडून ठेवली’. दुसऱ्या वाक्यात चूक करणारा पुरुष असला तरी ‘ती’च येतं कारण भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं आणि चूक स्त्रीलिंगी. पुस्तकं नपुंसकलिंगी अनेकवचनी म्हणून तिथेही ‘ती’. म्हणजे कर्तरी-कर्मणीचा जो नियम आपण व्याकरणाच्या पहिल्या भागात शिकतो तो इथे या म्हणीच्या पोटात अगदी काटेकोर काम करतोय. आणि ‘तू आलास तो आलास, वर मलाच बोलतोस’ यात समोरचा माणूस तू आहे, तरी मध्ये ‘तो’, म्हणजे हा ‘तो’ लिंग आणि वचन बघतो, पुरुष बघत नाही. वर्तमानकाळात आणखी गंमत होते, ‘फुकट खातो ते खातो, वर नावं ठेवतो’. इथे माझ्या कानाला ‘खातो तो खातो’ पण चालतं पण ‘ते’ जास्त सहज येतं. कोणी म्हणेल की हे ‘ते’ म्हणजे तो जे खातो ते, कर्म. पण ‘झोपतो ते झोपतो, वर घोरतो’ यातही ‘ते’ येतं आणि झोपण्याला कर्म नसतं. तेव्हा इथे ‘ते’ हे आख्ख्या गोष्टीबद्दल आहे, झोपतो या वस्तुस्थितीबद्दल.

अर्थाच्या अटी याहून कडक आहेत. एक, दोन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकलेल्या लागतात आणि दुसरी पहिलीपेक्षा पुढची लागते. ‘आळशी तो आळशी, वर उद्धट’ चालतं, ‘आळशी तो आळशी, वर देखणा’ चालत नाही. हा साचा फक्त तक्रारीचा आहे असं आधी वाटेल, पण ‘स्वस्त ते स्वस्त, वर टिकाऊ’ हे सरळ कौतुक आहे आणि ते व्यवस्थित चालतं, त्यामुळे अट वाईटपणाची नाही, एका दिशेची आहे. पहिली गोष्टच पुरेशी होती, दुसरी त्याच्याही पुढे गेली, हा अर्थ. दोन, पहिली गोष्ट दोघांनाही आधीच माहीत असावी लागते. कोणी ‘काय झालं?’ विचारलं आणि समोरच्याला काहीच कल्पना नसेल तर ‘आला तो आला’ने सुरुवात करता येत नाही, कोण आला हेच विचारेल तो. तीन, या वाक्याला ‘जर’ लावता येत नाही. ‘जर तो आला तर’ ठीक, पण ‘जर तो आला तो आला, वर मित्रांना आणलं, तर मी जाईन’ हे मराठी नाही. का, तर अट घालायला गोष्ट अनिश्चित लागते आणि हा साचा तर ती घडलीच आहे असं धरून चालतो.

इथे नियमवादी माणूस हात वर करेल आणि त्याने करावाच. तो म्हणेल की यात नवीन काय, हे आपलं जो-तो वाक्य आहे, जो गाळलेला. ‘जे झालं ते झालं’ मधून ‘झालं ते झालं’, तसंच ‘जो आला तो आला’ मधून ‘आला तो आला’. लिंग-वचन जुळणं तिथूनच आलं. ‘मी जो झोपलो तो सकाळीच उठलो’ असं मराठीत म्हणतातच, म्हणजे पहिल्या पुरुषाबरोबर ‘तो’ येणं हेही तिथलंच. आणि ‘झालं ते झालं’ ही पुनरुक्ती आहे, त्यातून ‘यापुढे त्यावर बोलणं नको, एवढं पुरे’ हा अर्थ ऐकणारा स्वतःच काढतो, त्याच्यावर ‘वर’ ठेवलं की झालं.

हा युक्तिवाद मला खरंच चांगला वाटतो आणि त्याचा मोठा भाग मी मान्य करतो. साचा आभाळातून पडलेला नाही, तो जो-तो रचनेचं लेकरू आहे. पण करून बघा, गाळलेला ‘जो’ परत घाला. ‘जो चोर तो चोर, वर शिरजोर’ मोडलं. ‘जो आला तो आला, वर मित्रांना घेऊन आला’ म्हटलं की अर्थच बदलतो, आता कोण आला याने फरक पडत नाही असं ऐकू येतं. ‘जो लेट तो लेट, वर अ‍ॅटिट्यूड’ तर शक्यच नाही. जो शब्द परत ठेवता येत नाही तो गाळला होता असं म्हणण्यात काय उरलं? दुसरं, ‘झालं ते झालं’ म्हणणारा माणूस विषय मिटवतोय, आणि ‘आला तो आला, वर...’ म्हणणारा विषय पेटवतोय. पुनरुक्तीतून एकच अर्थ आपोआप निघत असता तर हे उलटं कसं झालं? आणि पहिली गोष्ट आधीच माहीत असण्याची जी अट आहे ती ‘वर’मधून येत नाही. ‘वर’ सुटं वापरलं तर ‘पगार कमी, वर प्रवास लांब’ असं म्हणता येतं, तिथेही दिशा एक आहे हे खरं, पण तिथे पहिली गोष्ट समोरच्याला नव्याने सांगता येते, माहीत असायची गरज नाही. तेव्हा हे तीन तुकडे जोडून बेरीज येत नाही, थोडं शिल्लक उरतं, आणि जे शिल्लक उरतं ते मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ते कुठेतरी साठवलेलं असणारच.

आता कन्स्ट्रक्शनवाल्यांबद्दलची माझी तक्रार. अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांनी 1995 मध्ये कन्स्ट्रक्शन कशाला म्हणायचं याची एक कसोटी दिली होती, रूपातली किंवा अर्थातली एखादी तरी गोष्ट तुकड्यांवरून किंवा आधीच माहीत असलेल्या दुसऱ्या रचनांवरून सांगता येत नसेल तरच. 2006 मध्ये त्यांनी ती सैल केली, पूर्ण सांगता येत असेल तरी पुरेसं वारंवार वापरात असेल तर ते साठवलेलं असू शकतं. डोक्यात काय साठतं या प्रश्नावर कदाचित 2006 चंच म्हणणं बरोबर असेल, ‘काय चाललंय’ हे आपण दरवेळी नव्याने बनवत नसू. पण वाद करायला मला 1995 ची कसोटीच हवी, कारण ती हरू शकते. आत्ता वर मी जे केलं, ‘जो’ परत घालून बघितला, ‘जर’ लावून बघितला, दिशा उलटी करून बघितली, ते सगळं या कसोटीमुळे शक्य झालं. सैल कसोटीत प्रत्येक वाक्याला एक नाव द्यायचं आणि रचना सापडली म्हणायचं एवढंच उरतं, मग नियमवाले म्हणतात की तुम्ही नुसतं वर्णन करता आणि त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. शिवाय लिंग-वचन जुळण्याचा जो नियम या साच्यात इतका काटेकोर चालला तो प्रत्येक साच्यात वेगळा शिकलेला नाही हे उघड आहे, तो एकदाच शिकलेला आहे आणि सगळीकडे उतरतो. कन्स्ट्रक्शन ग्रामरमध्ये याला वारसा म्हणतात, सगळ्यात सर्वसाधारण साचा वर, खाली विशिष्ट, आणि विशिष्टाने काही वेगळं सांगितलं नसेल तर वरचंच चालतं. ठीक आहे, पण मग हे वरचे साचे म्हणजे नियमच झाले आणि ते उघडपणे म्हणायला हरकत नसावी.

खरं तर आपल्या परंपरेत हे नवीन नाही. पाणिनीकडे उत्सर्ग आणि अपवाद ही जोडी आहे, सर्वसाधारण नियम सांगायचा आणि विशिष्ट नियमाने त्याला बाजूला सारायचं, आणि काही सूत्रं तर एखाद्या शब्दापुरतीच आहेत. नियमाने न साधणारी तयार रूपं तो निपातन म्हणून सूत्रातच देतो, वेगळ्या यादीत फेकत नाही. नियमबद्ध व्याकरण म्हणजे फक्त मोठेच नियम असं त्याने कधी मानलं नाही. नियम विरुद्ध यादी ही जी कडक भिंत आहे ती विसाव्या शतकातल्या एका विशिष्ट विचाराची आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ती सोयीमुळे टिकून राहिलीय.

पुस्तकाचं नुकसान कसं होतं ते सांगतो. यादीत ‘पाणी सोडणे – त्याग करणे’ असं लिहिलेलं असतं. मराठी घरात न वाढलेल्या मुलाने, म्हणजे परप्रांतातून आलेल्या किंवा परदेशात वाढलेल्या मुलाने, ते पाठ करून ‘आजोबांच्या जमिनीवर पाणी सुटलं’ असं लिहिलं तर मास्तर चूक देणार, पण का चूक ते पुस्तकात कुठेच नाही. अर्थ त्याने बरोबर पाठ केला, क्रियापदाची जोडी बरोबर लावली, दोन्हीत पूर्ण गुण मिळण्यासारखं काम केलं. तसंच ‘चोर तो चोर, वर शिरजोर’चा अर्थ त्याला येतो पण ‘आली तो आली, वर...’ असं तो लिहितो, कारण म्हणीतलं ‘तो’ हे बदलतं आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही, म्हण म्हणजे गोठलेली असंच सांगितलं.

माझी सूचना अशी की ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न ठेवाच, पण त्याच्याबरोबर बदलून बघायचा प्रश्न द्या, आणि तो वाक्प्रचारांच्या यादीखाली न देता प्रयोगाच्या धड्यात द्या. पाणी फिरणे, पाणी सोडणे, पाणी सुटणे तिन्ही समोर ठेवायचे, क्रियापदाची जोडी बदलायला सांगायची, कोणतं वाक्य टिकतं, कोणतं मोडतं, आणि मोडलेल्यात कोण गायब झालं ते लिहायला सांगायचं. चोर तो चोर दिलं की त्यात चोराच्या जागी चूक, मग आली, मग पुस्तकं नेली घालायला सांगायचं, मधला शब्द आपोआप बदलेल, आणि मग तो का बदलला हे विचारायचं. आठवीतला मुलगा कर्मणी प्रयोग पाठ करून विसरतो, पण ‘चूक केली ती केली’मध्ये ‘ती’ कुठून आली हे शोधताना त्याला कर्मणी प्रयोग स्वतःच्या तोंडात सापडतो. पहिल्याच तासाला काही मुलं ‘आला ते आला’ असंही म्हणतील, कारण बोलताना काही जण सरसकट ‘ते’च वापरतात, आणि त्याला चूक म्हणून खोडायचं नाही, फळ्यावर दोन्ही लिहून कोण काय म्हणतं ते मोजायचं.